आक्कामावशी आणि आई : वयातील अंतर नेमके किती, आणि दुप्पट, दीडपट, सव्वापट केव्हा?

मृण्मयी (धरमपेठ, नागपूर)

माझ्या आईची सर्वांत थोरली बहीण, म्हणजे आमची आक्कामावशी, २०२६ च्या नोव्हेंबरात सत्तर वर्षांची होते आहे. त्या निमित्ताने घरातील जुनी छायाचित्रे आणि आठवणी एकत्र करून एक पुस्तिका करायचे ठरले आहे. तिच्यात दोघी बहिणींच्या वयांवर एक पान असावे, अशी आईची इच्छा आहे, परंतु त्या पानावर काय लिहायचे यावरून दोघींचे एकमत होत नाही.

आक्कामावशीचा जन्म १४ नोव्हेंबर १९५६ चा आहे. दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेच्या सोहळ्यानंतर बरोबर महिन्याने ती झाली, असे आजी नेहमी सांगत असे, आणि तो सोहळा १४ ऑक्टोबरचा असल्यामुळे या तारखेबद्दल शंका नाही. आईचा जन्म २० जून १९६६ चा असून तिचा जन्मदाखला घरात आहे. मावशी म्हणते की आमच्यात नऊ वर्षांचे अंतर आहे, तर आई म्हणते दहा वर्षांचे. दुसरा प्रश्न दुपटीचा आहे. १९७५ च्या दिवाळीत आजोबा आईला म्हणाले होते, "तू नऊ वर्षांची, ती अठरा वर्षांची, तुझ्या बरोबर दुप्पट." ते आईला शब्दशः आठवते. याउलट मावशीजवळ डिसेंबर १९७६ चा एक फोटो आहे आणि त्याच्या मागे आजोबांच्याच अक्षरात "मोठी वीस, धाकटी दहा" असे लिहिलेले आहे. एकाच माणसाने दोन वेगवेगळ्या वर्षी दुप्पट म्हटले, तर खरे कोणते धरावे? तसेच पुढच्या दशकांत हे प्रमाण कसकसे बदलत गेले, हेही त्या पानावर द्यायचे आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

चौकस

अंतर दहाच धरावे. १९६६ मधून १९५६ वजा केले की दहा उरतात, आणि सर्वत्र असेच काढतात. दुपटीचे म्हणाल, तर अंतर दहा असल्यामुळे धाकटी दहा वर्षांची होते तेव्हाच मोठी दुप्पट असणार, म्हणजे फोटोमागचे बरोबर आहे आणि दिवाळीची आठवण चुकीची आहे. पुढे दर दहा वर्षांनी ही तफावत निम्मी निम्मी होत जाते. आधी दुप्पट, मग दीडपट, मग सव्वापट, असा हिशेब पुस्तिकेत सहज मांडता येईल.

पाटीपेन्सिल (निवृत्त गणित शिक्षक, वर्धा रोड)

मृण्मयीताई, आपल्या आजोबांची दोन्ही विधाने खरी आहेत, मावशी आणि आई दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि तरीही खऱ्या दुपटीची तारीख या दोहोंहून निराळी आहे. हे कसे घडते, ते थोडे सविस्तर सांगतो.

आपण वय सांगताना पूर्ण झालेली वर्षे सांगतो. दोघींचे वाढदिवस वर्षात निरनिराळ्या वेळी येत असल्याने पूर्ण वर्षांमधील फरक स्थिर राहत नाही. २० जूनला आईचे वय एकाने वाढते आणि फरक नऊ होतो, मग १४ नोव्हेंबरला मावशीचे वय वाढते आणि फरक पुन्हा दहा होतो. म्हणजे २० जून ते १३ नोव्हेंबर या १४७ दिवसांत मावशीचे म्हणणे खरे असते आणि उरलेल्या २१८ दिवसांत आईचे. दर वर्षी हेच चक्र फिरते, त्यामुळे दोघींपैकी कोणीही आपला मुद्दा सोडणार नाही, हे स्वाभाविक आहे.

खरे अंतर कधीही बदलत नाही आणि ते तारखांवरून काढावे लागते. १४ नोव्हेंबर १९५६ पासून १४ नोव्हेंबर १९६५ पर्यंत नऊ वर्षे होतात, आणि तेथून २० जून १९६६ पर्यंत २१८ दिवस. म्हणजे नऊ वर्षे आणि २१८ दिवस, महिन्यांत सांगायचे तर नऊ वर्षे, सात महिने, सहा दिवस. वर सांगितलेले दहाच्या फरकाचे दिवसही २१८ च आहेत, आणि हा योगायोग नाही. वर्षभर रोज पूर्ण वर्षांतील फरक लिहून ठेवला आणि वर्षअखेरीस त्याची सरासरी काढली, तर खरे अंतरच हाती येते, येथे सुमारे ९.६ वर्षे.

आता दुप्पट. धाकटीचे वय जेव्हा अंतराइतके होते, त्याच क्षणी थोरली दुप्पट असते, कारण थोरलीचे वय म्हणजे अंतर अधिक धाकटीचे वय. सबंध अंतर दिवसांत मोजले तर ३५०५ दिवस भरते. नऊ वर्षांचे ३२८५, १९६० आणि १९६४ या लीप वर्षांचे दोन, आणि वरचे २१८. आईच्या जन्मतारखेपुढे ३५०५ दिवस मोजले की २४ जानेवारी १९७६ ही तारीख येते. त्या दिवशी आई ३५०५ दिवसांची होती आणि मावशी ७०१० दिवसांची. मात्र त्या दिवशी कोणी वय विचारले असते, तर मावशीने एकोणीस आणि आईने नऊ सांगितले असते, आणि एकोणीस ही नवाची दुप्पट नव्हे. पूर्ण वर्षांत दुप्पट दिसली ती २० जून ते १३ नोव्हेंबर १९७५ मध्ये (नऊ व अठरा), आणि नंतर १४ नोव्हेंबर १९७६ ते १९ जून १९७७ मध्ये (दहा व वीस). १९७५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती, म्हणजे पहिल्या कालखंडात, आणि फोटो दुसऱ्या कालखंडातला आहे. आजोबांचे लक्ष दोन्ही वेळा अगदी नेमके होते.

चौकस, आपल्या पहिल्या दोन पायऱ्या बरोबर आहेत, तिसरी नाही. त्याबद्दल वेगळे लिहितो.

अनामिका_नाग

माझ्या भाच्यासाठी स्थळे पाहणे सुरू आहे, म्हणून हा धागा उघडला. मुलगा तेहतीस वर्षांचा आणि मुलगी चोवीस, म्हणजे नऊ वर्षांचे अंतर. इतके अंतर चालते का? घरातील काही मंडळी म्हणतात की फार आहे, तर काही म्हणतात की पुढे जाणवत नाही. जाणकारांचे मत हवे आहे.

मृण्मयी

अनामिकाताई, हा धागा स्थळांविषयी नाही, दोन बहिणींच्या वयांच्या हिशेबाविषयी आहे. चालते की नाही, हे ते दोघेच ठरवू शकतील. मात्र पुढे जाणवत नाही असे लोक का म्हणतात, याचे उत्तर कदाचित सरांच्या पुढच्या प्रतिसादात मिळेल.

सर, आईला आणि मावशीला आपला प्रतिसाद वाचून दाखवला. दिवाळीची आठवण खरी ठरल्याचा आईला फार आनंद झाला आहे.

पाटीपेन्सिल

चौकस यांच्या म्हणण्याकडे वळतो. आकडे सुटसुटीत राहावेत म्हणून अंतर बरोबर दहा वर्षे धरू. धाकटा दहाचा असताना थोरला वीस, म्हणजे दुप्पट. विसाव्या वर्षी तीस, म्हणजे दीडपट. तिसाव्या वर्षी चाळीस, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश पट, आणि चाळिसाव्या वर्षी पन्नास, म्हणजे सव्वापट. एकाच्या वर जो भाग उरतो तो एक, अर्धा, एक तृतीयांश, पाव, एक पंचमांश असा उतरतो. निम्म्याचे निम्मे करत गेलो तर अर्ध्यानंतर थेट पाव येईल आणि पन्नासाव्या वर्षी एक सोळांश उरेल, म्हणजे पन्नाशीच्या धाकट्याचा थोरला भाऊ जेमतेम त्रेपन्न वर्षांचा ठरेल. दहा वर्षांचे अंतर तीन वर्षांवर येऊ शकत नाही, यावरूनच तो नियम चुकल्याचे कळते. अशा कोणत्याही हिशेबाची ही सोपी तपासणी आहे. गुणोत्तर काहीही आले तरी त्यावरून पुन्हा दोन्ही वये काढून वजाबाकी करावी, आणि अंतर हलले असेल तर हिशेब चुकला असे समजावे.

यातून एक सोयीची गोष्ट मिळते. दुप्पट, दीडपट, एक पूर्णांक एक तृतीयांश, सव्वापट हे सारे टप्पे एकमेकांपासून समान काळाने येतात, आणि तो काळ म्हणजे त्या दोघांमधील अंतर. आपल्या आई व मावशीच्या बाबतीत दर ३५०५ दिवसांनी एक टप्पा येतो. २४ जानेवारी १९७६ ला दुप्पट, २९ ऑगस्ट १९८५ ला दीडपट, ४ एप्रिल १९९५ ला एक पूर्णांक एक तृतीयांश पट आणि ७ नोव्हेंबर २००४ ला सव्वापट. एक पूर्णांक एक षष्ठांशाचा टप्पा १७ जानेवारी २०२४ ला होऊन गेला, आणि सत्तरीच्या दिवशी मावशी आईच्या सुमारे १.१६ पट असेल.

टप्पे समान काळाने येत असले, तरी प्रत्येक टप्प्यावर होणारी घट सारखी नसते. आई एक महिन्याची असताना मावशी तिच्या सुमारे एकशे सोळा पट वयाची होती, आणि पहिल्या वाढदिवशी साडेदहा पटीहून किंचित अधिक. तेथून दुपटीपर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा अधिक काळ लागला, आणि त्यानंतरच्या पन्नास वर्षांत हे प्रमाण दोनवरून जेमतेम १.१६ पर्यंत आले. पुढेही ते एकाच्या जवळ जात राहील, परंतु एक कधीच होणार नाही. अंतर पुढे जाणवत नाही असे म्हणणाऱ्यांच्या अनुभवात हेच असावे, असे मला वाटते. नऊ वर्षे तेवढीच राहतात, त्यांच्याखालचे वय मात्र मोठे होत जाते.

चौकस

निम्म्यानिम्म्याचा मुद्दा मागे घेतो, पन्नासाव्या वर्षीची तपासणी पटली. मात्र व्यवहारात कोणी दिवस मोजत नाही. लोक पूर्ण वर्षेच सांगतात, म्हणून पुस्तिकेत २४ जानेवारीपेक्षा फोटोमागचे "वीस आणि दहा" हेच दिले पाहिजे, असे माझे मत कायम आहे.

नंदिनी_म (मानेवाडा)

मुलाच्या शिष्यवृत्तीच्या सरावात वयवारीची उदाहरणे आहेत आणि त्यांतील एक आम्हा दोघांनाही सुटत नाही. आई व मुलीच्या आजच्या वयांचे गुणोत्तर ४ : १ आहे आणि दहा वर्षांनंतर ते ७ : ३ होईल, तर दोघींच्या वयांतील अंतर किती? शिकवणीत क्ष धरून समीकरण मांडायला सांगितले आहे, परंतु मुलाला समीकरणे अजून नीट जमत नाहीत. याच धाग्यावर विचारले तर चालेल ना?

चौकस

नंदिनीताई, हे सोपे आहे. चारांचे सात झाले, म्हणजे तीन भाग वाढले, आणि तीन भाग म्हणजे दहा वर्षे. त्यावरून एक भाग तीन पूर्णांक एक तृतीयांश वर्षे, आणि अंतर चारातून एक वजा करून तीन भाग, म्हणजे दहा वर्षे.

पाटीपेन्सिल

चौकस, दिशा योग्य आहे, परंतु एक पायरी सुटली आहे, आणि ती सुटल्याचे उत्तरावरूनच ओळखता येते. आईकडे तीन भाग वाढले, पण मुलीकडे एकाचे तीन, म्हणजे दोनच भाग वाढले. दोघींची वये दहा वर्षांत सारखीच वाढायला हवीत. भाग सारखे वाढत नाहीत याचा अर्थ पहिल्या गुणोत्तरातला एक भाग आणि दुसऱ्यातला एक भाग सारख्या लांबीचे नाहीत.

ते सारखे करण्यासाठी स्थिर अंतराचाच आधार घ्यावा. ४ : १ मध्ये अंतर तीन भागांचे आहे, ७ : ३ मध्ये चार भागांचे, आणि प्रत्यक्ष अंतर तर तेच आहे. म्हणून दोन्ही ठिकाणी ते बारा भागांचे करू. पहिले गुणोत्तर चाराने गुणले की १६ : ४ होते, दुसरे तिनाने गुणले की २१ : ९. आता सोळाचे एकवीस आणि चाराचे नऊ, दोन्हीकडे पाचच भाग वाढले. पाच भाग म्हणजे दहा वर्षे, म्हणून एक भाग दोन वर्षांचा आणि अंतर बारा भागांचे, म्हणजे चोवीस वर्षांचे. आज आई बत्तीस आणि मुलगी आठ वर्षांची आहे, दहा वर्षांनी बेचाळीस आणि अठरा, म्हणजे ७ : ३.

मुलाला एवढेच सांगावे की आधी दोन्ही गुणोत्तरांतील वजाबाकी सारखी करायची आणि मग दोन्हीकडची वाढ सारखी आली का ते पाहायचे. वाढ सारखी आली नाही, तर पुढे जाऊ नये. अशा उदाहरणाला क्षची गरज पडत नाही, आणि अंतर बदलत नाही हे मुलाच्या मनात पक्के बसते.

नंदिनी_म

मनःपूर्वक आभार, सर. मुलाने याच रीतीने पुढची दोन उदाहरणे स्वतः सोडवली. तिसऱ्यात मात्र आधीच दोन्हीकडे वजाबाकी सारखी होती, म्हणून आपले काही चुकले का असे त्याला वाटत होते.

सातपुडा

नंदिनीताई, वजाबाकी आधीच सारखी असेल तर गुणायचे कामच उरत नाही, त्यामुळे त्याने तसेच पुढे जावे.

ज्यांना आपल्या घरातील तारखा काढायच्या असतील, त्यांना हाताने दिवस मोजत बसण्याची आवश्यकता नाही. एक्सेलमध्ये B1 या घरात थोरल्याची जन्मतारीख आणि B2 मध्ये धाकट्याची भरावी, आणि खालील सूत्रे वापरावीत. पहिले अंतराचे दिवस देते आणि पुढची अनुक्रमे दुप्पट, दीडपट व सव्वापटीची तारीख देतात. उत्तराच्या घराचे स्वरूप तारखेचे निवडावे लागते, अन्यथा तारखेऐवजी पाच अंकी संख्या दिसते.

```
=B2-B1
=B2+1*(B2-B1)
=B2+2*(B2-B1)
=B2+4*(B2-B1)
```

मृण्मयीताईंच्या तारखा घालून पाहिल्या, सरांच्या सर्व तारखा जुळल्या. एक अडचण मात्र ध्यानात ठेवावी. एक्सेल १९०० पूर्वीची तारीख तारीख म्हणून ओळखतच नाही, ती साधा मजकूर म्हणून ठेवते आणि वजाबाकी केली की चूक दाखवते. पणजोबांच्या काळातील जन्मतारखा असतील तर दोन्ही तारखांत ४०० वर्षे मिळवावीत आणि उत्तरातून ४०० वजा करावीत. आपले कॅलेंडर दर ४०० वर्षांनी लीप वर्षांसह जसेच्या तसे फिरून येते, त्यामुळे एका दिवसाचाही फरक पडत नाही.

पाटीपेन्सिल

४०० वर्षांची युक्ती उत्तम आहे, आणि तिचा उपयोग विदर्भाशी निगडित एका जोडीवर करून पाहण्यासारखा आहे. गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा आणि विनोबांचा ११ सप्टेंबर १८९५ चा. अंतर ९४७५ दिवस, म्हणजे सव्वीस वर्षांना तीन आठवडे कमी. विनोबा ७ जून १९१६ ला अहमदाबादेत गांधीजींना प्रथम भेटले, तेव्हा गांधीजी त्यांच्या जवळजवळ सव्वादोन पट वयाचे होते. एप्रिल १९२१ मध्ये विनोबा आश्रमाची जबाबदारी घेऊन वर्ध्याला आले, आणि त्याच वर्षी २१ ऑगस्टला गांधीजींचे वय त्यांच्या बरोबर दुप्पट झाले. दीडपटीची तारीख ३१ जुलै १९४७ येते, म्हणजे स्वातंत्र्यापूर्वी अवघा एक पंधरवडा.

हाताने मोजणाऱ्यांनी एवढे पाहावे की १९०० हे लीप वर्ष नव्हते. शतकाचे वर्ष ४०० ने भागले जात नसेल तर त्यात २९ फेब्रुवारी येत नाही, आणि ते विसरले तर दुपटीची तारीख एका दिवसाने चुकते.

येथेही पूर्ण वर्षांचा खेळ तोच आहे. ३१ जुलै १९४७ ला पूर्ण वर्षे सत्त्याहत्तर आणि एक्कावन्न होती, म्हणजे दीडपट दिसत नव्हती. ३० जानेवारी १९४८ ला, गांधीजी गेले त्या दिवशी, ती अठ्ठ्याहत्तर आणि बावन्न होती आणि तंतोतंत दीडपट दिसते, जरी खरी दीडपट त्यापूर्वी सहा महिने होऊन गेली होती.

इतवारीकर

आमच्या घरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून सरांना विचारतो. माझे मोठे काका तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, आमच्या इतवारीतून मारबत निघाली त्या सकाळी जन्मले, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. वर्ष मात्र कोणी १९४४ सांगते, तर कोणी १९४५. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१ आहे, आणि ती तारीख गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी अंदाजाने लिहिली, असे वडील स्वतः सांगतात. अशा वेळी अंतर आणि त्याचे टप्पे काढण्यात काही अर्थ आहे का?

पाटीपेन्सिल

अर्थ आहे, फक्त कोणत्या टप्प्यावर कितपत विसंबायचे ते ठरवावे लागेल. प्रथम तिथी. पोळा श्रावण अमावास्येला येतो आणि दुसऱ्या दिवशी मारबत निघते. इंग्रजी तारखांत हा दिवस बराच मागेपुढे होतो, २०२३ मध्ये तो १५ सप्टेंबरला होता आणि २०२५ मध्ये २३ ऑगस्टला. पण वर्ष ठरले की त्या वर्षीच्या पंचांगात नेमकी तारीख मिळते, म्हणून तिथीची आठवण कमकुवत मानू नये. दाखल्यावरील १ जूनपेक्षा मारबतीची सकाळ कितीतरी अधिक विश्वसनीय आहे.

खरी अडचण वर्षाची आणि दाखल्याची आहे. थोरल्याच्या जन्मात एका वर्षाची शंका असेल, तर दुपटीची तारीख एका वर्षाने हलते, दीडपटीची दोन वर्षांनी आणि सव्वापटीची चार वर्षांनी. प्रत्येक टप्प्याला अंतर पुन्हा एकदा मिळवले जाते आणि त्याबरोबर चूकही पुन्हा एकदा मिळवली जाते. धाकट्याच्या तारखेतील चूक त्याहूनही एका पटीने अधिक हलवते, कारण ती सुरुवातीच्या तारखेतही असते आणि अंतरातही. वडिलांचा खरा जन्म दाखल्यापेक्षा चार महिने आधीचा असेल, तर दुप्पट आठ महिन्यांनी अलीकडे येईल आणि सव्वापट वीस महिन्यांनी. म्हणून अशा घरात दुपटीचे साल सांगावे, सव्वापटीची तारीख सांगू नये.

मृण्मयीताईंच्या पूर्ण वर्षांच्या कालखंडांतही हेच दिसते. दुप्पट दिसण्याचे दोन कालखंड १९७५ आणि १९७६ मध्ये सुरू झाले, दीडपटीचे १९८४ आणि १९८६ मध्ये, सव्वापटीचे २००२ आणि २००६ मध्ये. तेथे चूक कोणाचीच नव्हती, फक्त नऊ आणि दहा यांतील एका वर्षाचा फरक प्रत्येक टप्प्याला वाढत गेला.

वर्षाविषयी एक विचारतो. काकांच्या जन्माशी जोडलेली एखादी मोठी घटना घरात कोणाला आठवते का, जशी मृण्मयीताईंच्या आजींना दीक्षाभूमीची आठवत होती?

इतवारीकर

आजी म्हणत असे की "लढाई चालू होती आणि साखर रेशनवर होती."

सातपुडा

मग १९४४ च असले पाहिजे. जपानने १५ ऑगस्ट १९४५ ला शरणागती जाहीर केली, आणि पोळा त्याआधी येत नाही. १९४५ च्या मारबतीला लढाई चालू होती, असे कोणी म्हटले नसते.

इतवारीकर

आत्याला आत्ताच फोनवर विचारले. तिच्या मते आजी "लढाईच्या दिवसांत" असे म्हणत असे, "चालू होती" असे नव्हे, आणि रेशन तर लढाई संपल्यावरही होतेच. काका स्वतः १९४५ सांगतात, परंतु तेही ऐकीव आहे. आता १९४४ धरले तर दुपटीचे साल १९५८ येते आणि १९४५ धरले तर १९५७. वडिलांना त्यांच्या मुंजीत कोणीतरी दुप्पट म्हटल्याचे आठवते, पण मुंज कोणत्या साली झाली यावरच काका आणि वडील यांचे एकमत नाही. मुंजीची निमंत्रणपत्रिका जुन्या ट्रंकेत असावी. ती सापडली तर कळवतो.

चौकस

पूर्ण वर्षांत कोणी दुप्पट म्हटले असेल, तर त्यावरूनही वर्ष लगेच ठरणार नाही, हे आता ध्यानात आले. दोन कालखंड असू शकतात. मुंजीच्या दिवशी दोघांची नेमकी कोणती वये सांगितली गेली, हेही वडिलांना विचारावे.

मृण्मयी

सर्वांचे आभार. पुस्तिकेच्या पानाची मांडणी ठरली आहे. वर दिवाळी १९७५ आणि डिसेंबर १९७६ चा फोटो, दोन्ही आजोबांच्या शब्दांत, आणि त्या दोहोंमध्ये २४ जानेवारी १९७६ ही तारीख. खाली दीडपटीची २९ ऑगस्ट १९८५ आणि सव्वापटीची ७ नोव्हेंबर २००४. १९८५ च्या ऑगस्टात आई कोठे होती, याचा शोध सुरू आहे, कारण त्या महिन्याचा एकही फोटो अजून मिळालेला नाही. अंतराच्या जागी नऊ वर्षे आणि २१८ दिवस असे लिहावे, असे मी सुचवले. आईला ते मान्य आहे. मावशीचा आग्रह आहे की नऊ हा आकडा मोठ्या अक्षरात असावा.